बारा हजार ‘पर्यंत’: डिचोलीच्या एका विद्यार्थिनीचं इंटर्नशिप ऑफर लेटर

पत्र दोन पानांचं होतं आणि सही करून परत पाठवायला पाच दिवसांची मुदत होती. मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. राहते डिचोलीला, कॉलेज म्हापशाला. पत्र पर्वरीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं. पस्तीसेक माणसांची ही कंपनी हॉटेलांसाठी बुकिंग आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. मुलगी वडिलांना घेऊन आली होती आणि तिचा प्रश्न एकच होता, “सर, बारा हजार चांगले ना?”

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षं एचआरमध्ये होतो. अशी पत्रं मी स्वतः लिहिली आहेत. आता कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला मदत करतो. त्यामुळे पत्रातलं कुठलं वाक्य कुणाच्या सोयीसाठी घातलेलं असतं, हे बऱ्यापैकी कळतं. हे पत्र फसवं नव्हतं. कंपनी खरी होती, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची नोंदणी दिसत होती, मेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आला होता आणि ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘प्रशिक्षण फी’ म्हणून आगाऊ पैसे कुणी मागितले नव्हते. इंटर्नला पैसे भरायला सांगणाऱ्या पत्राचं पुढचं वाक्यसुद्धा मी वाचत नाही. हे पत्र मात्र वाचण्यासारखं होतं. कंपनी सरळ असूनही त्यावर जशीच्या तशी सही केली असती तर मुलगी अडकली असती. कारण स्टायपेंड, कालावधी, प्रमाणपत्र आणि नोकरी हे चार मुद्दे पत्रात वेगवेगळ्या परिच्छेदांत बसले होते, पण प्रत्यक्षात एकमेकांच्या पायात पाय घालून उभे होते.

पत्रातल्या अटी थोडक्यात अशा. इंटर्नशिप 1 डिसेंबर ते 31 मे, सहा महिने. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा, आठवड्याचे सहा दिवस. स्टायपेंड दरमहा 12,000 रुपयांपर्यंत. पहिले दोन महिने प्रशिक्षणाचे, त्यात 6,000. त्यानंतरची रक्कम कामगिरीच्या आढाव्यावर. प्रमाणपत्र पूर्ण कालावधी समाधानकारकपणे संपवल्यावरच. मधेच सोडलं तर प्रशिक्षण खर्चापोटी 15,000 रुपये भरायचे आणि शेवटच्या महिन्याचा स्टायपेंड सगळे हिशेब मिटेपर्यंत कंपनीकडे. कालावधी कंपनी त्याच अटींवर तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते. आणि शेवटी ज्या ओळीवर मुलीने पिवळा मार्कर फिरवला होता ती: कामगिरी आणि कंपनीची गरज पाहून पूर्णवेळ पदासाठी विचार केला जाऊ शकेल, वार्षिक सीटीसी, म्हणजे एका माणसामागे कंपनीला येणारा वर्षाचा एकूण खर्च, 3 लाखांपासून.

आधी कॅलेंडर

तिने पैशांबद्दल विचारलं होतं, मी कॉलेजचं वेळापत्रक मागितलं. ती जरा हिरमुसली. पण इंटर्नशिपच्या पत्रात कालावधी हा कणा असतो, बाकी सगळं त्यालाच लटकलेलं असतं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला क्रेडिट आहेत. यूजीसीच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचं काम. तिच्या अभ्यासक्रमात चार क्रेडिट होते, म्हणजे कॉलेजला तिच्याकडून हवे होते 120 तास. कंपनीच्या वेळापत्रकाने, जेवणाचा तास वगळून, आठवड्याला 48 तास भरतात. कॉलेजची गरज अडीच आठवड्यांत संपते आणि कंपनीची सहा महिन्यांत. यात बेकायदा काही नाही, कंपनीला माणूस शिकवून त्याच्याकडून काम करून घ्यायला वेळ लागतोच. पण विद्यार्थ्याला वाटतं की इंटर्नशिप ही कॉलेजची गोष्ट आहे, तेव्हा कंपनीचे सहा महिने म्हणजे कॉलेजचेच सहा महिने. तसं नसतं.

आता तारखा. सहाव्या सेमिस्टरची तासिका सकाळी आठ ते साडेबारा. 75 टक्के हजेरी सक्तीची. इंटर्नशिपचा अहवाल आणि प्रमाणपत्र कॉलेजात द्यायची शेवटची तारीख 10 एप्रिल. लेखी परीक्षा 15 एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

हे कंपनीच्या पत्राशेजारी ठेवलं की तीन ठिकाणी ठिणग्या उडतात. साडेनऊला पर्वरीत हजर राहणारी मुलगी म्हापशाच्या वर्गात बसू शकत नाही. 31 मे नंतर मिळणारं प्रमाणपत्र 10 एप्रिलला कॉलेजात देता येत नाही. आणि परीक्षेसाठी घेतलेली सुट्टी ‘पूर्ण कालावधी’ मोडणारी ठरते की नाही, यावर पत्र गप्प आहे.

“कॉलेजात हजेरी तशी कोणी बघत नाही सर,” ती म्हणाली. मी तिला हजेरीचं रजिस्टर दाखवू शकलो असतो. त्याऐवजी एवढंच विचारलं, की परीक्षेच्या आधी नोटीस बोर्डावर लागणाऱ्या यादीत आपलं नाव आलं तर त्या वेळी पर्वरीच्या साहेबाला काय सांगणार? ती काही बोलली नाही. वडील म्हणाले, “बाय, आधी डिग्री.”

वडिलांबद्दल एक वाक्य सांगायला हवं. त्यांचे खनिज वाहतुकीचे दोन ट्रक होते. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. “विचार केला जाईल” अशी आश्वासनं त्यांनी भरपूर ऐकली आहेत. पिवळ्या मार्करची ओळ वाचून ते मुलीआधी हसले होते.

बहात्तर हजारांचं काय झालं

मुलीचा हिशेब सरळ होता. बारा हजार गुणिले सहा, बहात्तर हजार. त्यातून नवा लॅपटॉप, कारण पत्रात लॅपटॉप स्वतःचा आणायचा असंही लिहिलं होतं. पत्राचा हिशेब मात्र वेगळा. पहिले दोन महिने सहा-सहा हजार, म्हणजे बारा. पुढचे चार महिने पूर्ण बारा हजार मिळाले तर अठ्ठेचाळीस. एकूण साठ हजार. आणि हे ‘मिळाले तर’. ‘पर्यंत’ म्हणजे ती रक्कम ही छत आहे, जमीन नाही. कामगिरीचा आढावा कोण घेणार, कधी घेणार, कुठल्या निकषावर घेणार, यातलं काही पत्रात नव्हतं. आठ हजारांवर ठेवलं असतं तरी कंपनीने पत्राबाहेर काही केलं असं म्हणता आलं नसतं.

मग सुट्ट्या. महिन्याला एक पगारी रजा, बाकी बिनपगारी, आणि दिवसाचा दर काढायचा महिन्याचे 26 दिवस धरून. बारा हजारांना सव्वीसने भागलं की दिवसाचे साधारण 461 रुपये येतात. परीक्षेसाठी बारा दिवस घरी बसली तर साडेपाच हजार गेले. शिवाय तीन लेट मार्क म्हणजे अर्धा दिवस. डिचोलीहून अस्नोड्यामार्गे म्हापसा आणि म्हापशाहून दुसरी बस पकडून पर्वरी, हा प्रवास ज्याने केला आहे त्याला लेट मार्क किती पटकन जमतात ते सांगायला नको. येण्याजाण्याचे आणि दुपारच्या खाण्याचे रोजचे शंभर रुपये धरले तरी महिन्याचे अडीच हजारांच्या वर जातात. प्रशिक्षणाच्या दोन महिन्यांत सहा हजारांतून हेच जाणार होते.

पत्रात आणखी एक छोटी ओळ होती. स्टायपेंड ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून दिला जाईल आणि नियमाप्रमाणे टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतला जाणारा आयकर, कापला जाईल. इथे विद्यार्थी घाबरतात किंवा अजिबात बघत नाहीत. व्यावसायिक शुल्कावर टीडीएस 10 टक्के असतो, पण एका आर्थिक वर्षात एकाच कंपनीकडून मिळणारी रक्कम 50,000 रुपयांच्या पुढे गेली तरच तो कापणं बंधनकारक आहे. एप्रिल 2025 पूर्वी ही मर्यादा 30,000 होती आणि कितीतरी लहान कंपन्यांच्या हिशेबनीसांच्या डोक्यात अजून तोच आकडा आहे. आता गंमत बघा. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. या मुलीचे डिसेंबर ते मार्चचे पैसे एका वर्षात आणि एप्रिल-मेचे दुसऱ्या वर्षात. मूळ पत्राप्रमाणे पहिल्या वर्षात जास्तीत जास्त छत्तीस हजार, दुसऱ्यात चोवीस. दोन्ही मर्यादेच्या आत. म्हणजे पॅन कार्ड वेळेवर दिलं तर टीडीएसचा प्रश्नच यायला नको. तरीही कुणी कापलाच तर तो बुडत नाही. तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनवर जमा दिसतो आणि आयकर विवरणपत्र भरून परत मागता येतो. तो भरला गेलाय ना, हे मात्र स्वतः बघावं लागतं. कापला, पण सरकारकडे भरलाच नाही, असंही घडतं.

मध्येच वडिलांनी विचारलं, “अप्रेंटिसला सरकार पैसे देतं म्हणतात, ते यात नाही का?” प्रश्न बरोबर होता. अप्रेंटिसशिप 1961 च्या कायद्याखाली येते, तिचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो आणि तिथे किमान स्टायपेंड ठरलेला असतो, काही वाटा सरकार उचलतं. आपल्या मुलीच्या पत्रात तसा करार नव्हता. ती साधी इंटर्नशिप. तिथे किमान रकमेचा कायदा नाही, म्हणून पत्रात जे लिहिलं आहे तेवढंच तुमचं.

एका प्रमाणपत्राच्या जागी दोन कागद

सगळ्यात अवघड गाठ इथे होती. कंपनी म्हणते, सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. कॉलेज म्हणतं, 10 एप्रिलला द्या. या गाठीकडे विद्यार्थी फेब्रुवारीत बघतात आणि मार्चमध्ये एचआरला मस्का लावत फिरतात. सही करण्याआधी ती सुटायला एक मेल पुरतो, कारण त्या वेळी कंपनीलाही माणूस हवा असतो.

मार्ग असा, की कॉलेजला खरं तर ‘इंटर्नशिप संपल्याचं प्रमाणपत्र’ नको असतं. कॉलेजला हवा असतो 120 तास काम झाल्याचा पुरावा. कंपनीच्या लेटरहेडवर विद्यार्थ्याचं गुणपत्रिकेत आहे तसंच पूर्ण नाव, काम सुरू झाल्याची तारीख, आजपर्यंत झालेले तास, काय काम केलं त्याच्या दोन ओळी, देखरेख करणाऱ्या माणसाचं नाव, हुद्दा, सही आणि शिक्का. त्याबरोबर कॉलेजच्या नमुन्यातला मूल्यमापनाचा तक्ता आणि रोजच्या कामाची वही. हे पत्र ‘काम चालू आहे’ असं म्हणतं, त्यामुळे कंपनीची पूर्ण कालावधीची अट मोडत नाही. आणि अंतिम प्रमाणपत्र कंपनी आपल्या अटींवर शेवटी देते. आमच्या समन्वयक बाईंना मी आधीच विचारून घेतलं, असं पत्र चालेल का. त्या म्हणाल्या, तास आणि तारखा असतील तर चालेल, मात्र नुसतं ‘आमच्याकडे इंटर्न आहे’ असं लिहिलेलं पत्र त्या परत पाठवतात. प्रत्येक कॉलेजचं वेगळं असू शकतं, म्हणून आपल्या कॉलेजात आधी विचारावं.

‘समाधानकारक’ या अटीबद्दलही बोलायला हवं. ती काढून टाका असं मी कधी सांगत नाही. नुसतं खुर्चीवर बसून सहा महिने घालवलेल्या मुलाला कंपनीने चांगलं प्रमाणपत्र का द्यावं? पण ‘समाधानकारक’ हे कोण ठरवणार आणि नापसंती कधी सांगणार, एवढं विचारायचं. शेवटच्या दिवशी कळण्यापेक्षा तिसऱ्या महिन्याच्या शेवटी लेखी कळलेलं बरं. स्टायपेंडचा आढावाही त्याच वेळी असेल तर कंपनीचंही काम वाढत नाही.

पंधरा हजारांच्या अटीने वडील सगळ्यात जास्त बिचकले होते. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर 1872 च्या भारतीय करार कायद्याचं 74 वं कलम सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाईच, लिहिलेल्या आकड्याच्या आत. शिकाऊ मुलगी दोन महिन्यांत निघून गेली म्हणून कंपनी कोर्टात जाईल, हे मी तरी माझ्या नोकरीत पाहिलं नाही. पण म्हणून अट दात नसलेली आहे असं समजू नका. कंपनीचे दात कोर्टात नसतातच. ते दोन ठिकाणी असतात, अडवलेला शेवटचा स्टायपेंड आणि अडवलेलं प्रमाणपत्र. या पत्रात दोन्ही होते. म्हणून पंधरा हजारांवर भांडण्यापेक्षा हे दोन मोकळे करणं जास्त महत्त्वाचं होतं.

पिवळ्या मार्करची ओळ

नोकरीची ओळ मी मुद्दाम शेवटी घेतली. ‘विचार केला जाऊ शकेल’ यात आश्वासन नाही. त्याबद्दल कंपनीला दोष देण्यातही अर्थ नाही. सहा महिन्यांनी किती हॉटेलं सॉफ्टवेअर घेतील, हे पस्तीस माणसांच्या कंपनीला आज माहीत नसतं. पर्यटनाचा हंगाम संपता संपता मे-जूनमध्ये त्यांच्याकडची नवी कामं कमी होतात, आणि हिची इंटर्नशिप नेमकी त्याच वेळी संपते. अप्रेंटिसच्या कायद्यातसुद्धा, करारात तसं लिहिलं नसेल तर, प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. मग साध्या इंटर्नशिपमध्ये ते कुठून येणार?

पण ही ओळ एकटी वाचली तर निरुपद्रवी वाटते. तिच्या वरच्या परिच्छेदात काय होतं ते आठवा: कंपनी कालावधी तीन महिने वाढवू शकते, त्याच अटींवर. दोन्ही एकत्र वाचा. मे संपतो, नोकरीबद्दल ‘अजून ठरलं नाही’ असं उत्तर मिळतं आणि मुदतवाढीचं पत्र येतं. नाही म्हणावं तर पूर्ण कालावधी झाला नाही म्हणून प्रमाणपत्र अडतं. हो म्हणावं तर पदवी हातात असताना बारा हजारांत ऑगस्टपर्यंत काम. हा डाव मुद्दाम रचलेला असतोच असं नाही. बहुतेक वेळा कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या पत्रातून हे वाक्य उचललेलं असतं आणि लिहिणाऱ्यालाही त्याचा परिणाम ठाऊक नसतो. सापडणारा मात्र सापडतो.

नोकरीचं वचन मागू नकोस, निर्णयाची तारीख माग, असं मी तिला सांगितलं. इंटर्नशिप संपायच्या दोन आठवडे आधी हो किंवा नाही, लेखी. ‘नाही’ सुद्धा वेळेवर मिळालं तर उपयोगी असतं, त्या दोन आठवड्यांत दुसरीकडे अर्ज करता येतात.

सीटीसी 3 लाखांबद्दल तिची समजूत होती, महिन्याला पंचवीस हजार. साधारण मांडणी करून दाखवली. निम्मी रक्कम मूळ वेतन धरलं तर महिन्याला 12,500. त्याच्या 12 टक्के, म्हणजे 1,500, मालकाचा पीएफचा वाटा, तो सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीचे सहाशेच्या आसपास, तेही त्यातच, हातात मात्र यायचे ते बहुधा पाच वर्षं टिकल्यावर. दहा टक्के ‘व्हेरिएबल’ असेल तर अडीच हजार वर्षाअखेरीच्या भरवशावर. मग तिचा स्वतःचा पीएफ 1,500. हातात उरतात एकोणीस हजारांच्या आसपास. कंपनीची प्रत्यक्ष मांडणी वेगळी असू शकते, म्हणून त्या वेळी आकडा न विचारता मांडणीचा तक्ता मागायचा.

मेल आणि त्याचं उत्तर

तिने त्याच रात्री मेल लिहिला. पहिला मसुदा माफीनाम्यासारखा होता, “आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमस्व” वगैरे. तो बाजूला ठेवला. पाठवलेल्या इंग्रजी मेलचा मजकूर मराठीत साधारण असा:

“ऑफरबद्दल आभार. मला रुजू व्हायचं आहे. माझं कॉलेजचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे. 31 मार्चपर्यंत मी सोमवार ते शुक्रवार दुपारी 2 ते 6 येऊ शकते, एप्रिलमध्ये परीक्षा आहे, मेच्या पहिल्या आठवड्यापासून पूर्णवेळ येऊ शकते आणि सहा महिने भरण्यासाठी जूनअखेरपर्यंत थांबू शकते. कॉलेजसाठी 5 एप्रिलपर्यंत तासांचा उल्लेख असलेलं पत्र लागेल, नमुना जोडला आहे. या वेळेनुसार स्टायपेंडची नक्की रक्कम, मुदतवाढ माझ्या संमतीने असेल का, आणि पूर्णवेळ पदाबद्दलचा निर्णय कधी कळेल, हे कृपया लेखी कळवावं. मधेच सोडावं लागलं तर 15 दिवसांची पूर्वसूचना मी देईन, त्या बदल्यात 15,000 रुपयांची आणि स्टायपेंड रोखण्याची अट वगळावी अशी विनंती.”

वेळापत्रक जोडल्याचा फायदा असा होतो की मागणी मुलीची न राहता कॉलेजची होते. आणि प्रत्येक मागणीबरोबर तिने स्वतः काय देणार तेही सांगितलं होतं: जूनपर्यंत थांबणं, पूर्वसूचना. एचआरमध्ये बसलेल्या माणसाला वर जाऊन बोलायला असं काहीतरी हातात लागतं.

उत्तर तीन दिवसांनी आलं, थेट मालकाचं. फोनवरच सगळं मान्य करून टाकलं त्यांनी. तिने फोन ठेवल्यावर “आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे” म्हणून मुद्दे लिहून मेल केला आणि सुधारित पत्र मागितलं. सुधारित पत्र आलं तेव्हा फोनवरच्या दोन गोष्टी त्यात नव्हत्या. एक राहून गेली होती, ती टाकली. दुसरी, पंधरा हजारांची अट, त्यांनी ठेवली, पण फक्त पूर्वसूचना न देता गेल्यास, आणि आकडा पाच हजारांवर आणला. मला वाटलं, ठीक आहे.

बाकी असं ठरलं. मार्चपर्यंत अर्धवेळ, दरमहा 7,000, नक्की. एप्रिलमध्ये खंड, स्टायपेंड नाही, पण खंड म्हणजे अटीचा भंग नाही असं स्पष्ट वाक्य. मे आणि जून पूर्णवेळ, दरमहा 12,000, ‘पर्यंत’ काढून. एकूण बावन्न हजार. मूळ पत्राच्या साठ हजारांपेक्षा कमी, पण ते साठ हजार तिला मिळण्यासारखे नव्हतेच. 5 एप्रिलला तासांचं पत्र. मुदतवाढ दोघांच्या लेखी संमतीने. निर्णय 15 जूनपर्यंत. नोकरीच्या ओळीतला ‘विचार केला जाऊ शकेल’ मात्र त्यांनी हलवला नाही आणि आम्ही फार ताणलं नाही.

मार्चअखेर तिचे भरले 300 च्या वर तास, शिगम्याच्या सुट्ट्या आणि आजारपणाचे दिवस वजा जाता. तासांचं पत्र 5 ऐवजी 8 एप्रिलला हातात पडलं, दोनदा आठवण करावी लागली, पण 10 तारखेच्या आत. मार्चच्या स्टायपेंडमधून हिशेबनीसाने 700 रुपये टीडीएस कापले होते. तिने आर्थिक वर्षातली एकूण रक्कम 28,000 असल्याचं लिहून पाठवल्यावर पुढच्या वेळी ते परत मिळाले.

जूनमध्ये निर्णय आला तो ना हो, ना नाही. ऑक्टोबरशिवाय नवी जागा नाही, तोवर तीन महिने मुदतवाढ, बारा हजारांवर. या वेळी संमती तिच्या हातात होती. तिने आधी 30 जूनपर्यंतचं अंतिम प्रमाणपत्र मागितलं, ते मिळालं. मग 15,000 वर दोनच महिने थांबायची तयारी दाखवली, चवथीआधी मोकळं व्हायचं म्हणून. ऑनलाइन पेमेंटचा जो भाग ती लिहीत होती तो अर्धवट टाकणं कंपनीला परवडणारं नव्हतं, त्यांनी मान्य केलं. मुदतवाढीच्या पत्रात 31 ऑगस्ट ही तारीख आहे आणि ‘त्यापुढे आपोआप वाढणार नाही’ हे वाक्य तिने स्वतः घालून घेतलं, मला न विचारता. ऑक्टोबरच्या जागेसाठी तिचा अर्ज कंपनीकडे आहे, सीटीसीचा तक्ता तिने मागितला आहे, आणि पणजीतल्या आणखी दोन ठिकाणी मुलाखती ठरल्या आहेत.